समोरच्या दुकानाला दिवाळीचा मेसेज
सोलापुरात चादर-टॉवेलचं दुकान आहे माझं, आणि बरोब्बर समोर अण्णांचं, माल तोच, गिऱ्हाईक तेच. मागच्या दिवाळीला मी एक घोळ केला तो सांगतो. फोनमध्ये सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायला बॅनर करून ठेवला होता, वर लक्ष्मीचा फोटो, खाली दुकानाचा लोगो आणि "दोन चादरींवर टॉवेल फ्री", तोच घाईघाईत अण्णांनाही गेला. उत्तर आलं, "ऑफर बघितली, धन्यवाद." बस्स एवढंच. दिवसभर समोर बघायची लाज वाटली राव.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की बरोबरीच्या व्यापाऱ्याला शुभेच्छा देताना त्यात दुकान नकोच. बिझनेसच्या नंबरवरून तर नकोच, कारण तिथं डीपीलाच बोर्ड असतो. घरच्या नंबरवरून पाठवायचा, नाव घालून, आपल्या हातानं टाईप केलेला. यंदा मी लिहिलं, "अण्णा, तुम्हाला, वहिनींना आणि पोरांना दिवाळीच्या शुभेच्छा. गुडघा बरा असेल तर पाडव्याला घरी फराळाला या." खाली सही म्हणून फक्त माझं नाव.

"धंद्यात भरभराट होवो" मी मुद्दाम टाळतो. बाकी कुणालाही चालेल, पण समोरासमोर दुकान असलं की ते वाक्य वाकडं लागतं. गर्दी त्यांच्याकडं असली तर जळतोय असं वाटतं, नसली तर चिमटा काढलाय असं वाटतं, आणि आपल्या मनात काय होतं ते सांगत कोण बसणार? "यंदा तुमच्याकडं जोरात दिसतंय" हे कौतुकसुद्धा खरं म्हणजे मोजणीच की ओ. आरोग्य, घर, पोरं, एवढ्यावर थांबलं की कुणाला काही शोधायला उरत नाही.

लक्ष्मीपूजनाला पानसुपारीला जायचंच, मेसेजवर भागवायचं नाही. आपली पूजा आटोपली की लगेच जायचं, हातात पिशवी-कॅटलॉग काही नको. आधी लक्ष्मीला, चोपडीला नमस्कार, मग माणसांशी बोलायचं. नजर मात्र आवरावी लागते, रॅकवर नवीन डिझाईन लावलेलं असतं, किमतीची चिठ्ठी लटकत असते, आणि सवयीनं बोट चादरीचं वजन बघायला जातं (माझं जातं, खोटं कशाला बोलू). पाच-दहा मिनिटं बसायचं, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं तर लगेच उठायचं. आपल्या ओळखीचं असलं तर हसून मान हलवायची, पण "काय घेताय?" विचारायचं नाही. एकदा मी विचारलं होतं, बाई बिचारी चादर तशीच ठेवून निघून गेली, अण्णा काही बोलले नाहीत पण त्या दिवशी सुपारी कडू लागली.

यंदाच्या मेसेजला दहाच मिनिटांत उत्तर आलं, "गुडघा आहे तसाच. पाडव्याचं बघू, आधी तुम्ही संध्याकाळी या की ओ, लाह्या-बत्तासे काढून ठेवलेत."