गवत परत का येत नाही

"समुद्राच्या तळावरचं असलं तरी गवतच आहे, मेलं तरी पुन्हा उगवेल ना?"

नाही हो, तिथेच मेख आहे. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये २०११ च्या उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तापलं, त्यात पुराच्या गढूळ पाण्यामुळे ऊन तळापर्यंत पोचेना. तळावरच्या गवताचं सुमारे एक तृतीयांश कुरण मेलं किंवा विरळ झालं. तिथल्या अँफिबोलिस गवताचं बी मातीत साठून राहत नाही. रोप आईच्या अंगावरच वाढतं, मग सुटून आपल्या आकड्यांनी कुठेतरी अडकतं. आईच मेली तर रोप येणार कुठून? मुळांची पकड सुटली की शेकडो वर्षं गाळात गाडलेला कार्बन उघडा पडतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निसटतो. पात्यांच्या आडोशाला वाढणाऱ्या माशांच्या पिल्लांना तर लपायला जागाच उरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.