अबोला सोडायचा, पण पाठ टेकू द्यायची नाही

समजा, वडील गेल्यावर गिरगावची चाळ पुनर्विकासात गेली आणि दादाने तुम्हाला न विचारता घरचा गणपती डोंबिवलीला नेला. तुम्ही मुलुंडहून आरतीला गेलात आणि काका-मावश्यांच्या देखत म्हणालात, "उद्या आईलाही भाड्याने देशील." तेव्हापासून अबोला. आता तुम्हालाच पहिलं पाऊल टाकायचंय म्हणता? टाका, पण बेताने.

सर्वांत सुरक्षित मुहूर्त संक्रांतीचा. तिळगुळाचं तयार चित्र सोसायटीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठवता, त्यातच दादाला ढकला. उत्तर नाही आलं तर "मी तर गोड बोललो होतो" म्हणायला मोकळे. आईला मध्ये घातलंत तर आणखी उत्तम. निरोप डोंबिवलीला पोचेपर्यंत त्यात तिची स्वतःची दोन वाक्यं वाढलेली असतात.

स्वतःच लिहायची खुमखुमी असेल तर लांबलचक लिहा. गणपतीपासून सुरुवात करून बाबांच्या हॉस्पिटलच्या बिलापर्यंत या. शेवटी माफी मागा, पण अशी: "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." त्या 'तर'मुळे वाईट वाटून घेण्याची सगळी जबाबदारी दादाकडे राहते.

चुकूनही पुढचा मेसेज पाठवू नका: "दादा, त्या दिवशी सगळ्यांसमोर आईवरून बोललो, ते चुकलं माझं. शनिवारी दुपारी डोंबिवलीला येऊ का? जमणार नसेल तर सावकाश कळव." यात धोका फार आहे. चूक नेमकी आपलीच, त्याच्या चुकीचा उल्लेख नाही, आणि उत्तर "ये" एवढ्या एका शब्दात देता येतं. शिवाय गणपती कोणाचा हा मूळ तंटा पहिल्याच मेसेजमध्ये काढलेला नाही. तो भेटीनंतरही काढता येतो, हे फारच गैरसोयीचं.

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लियू आणि सहकाऱ्यांनी 2022 साली दाखवलं की, अनपेक्षितपणे कुणी आठवण काढली तर समोरच्याला ते पाठवणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त आवडतं. असलं काही वाचू नका. वाचलंच तर लगेच बोट ठेवा की त्यात भांडून अबोला धरलेले भाऊ नव्हते. हे खरंच आहे, त्यामुळे पळवाट म्हणून छान चालते.

एवढं करूनही मेसेज गेलाच आणि रात्री उशिरा नुसतं "बघू" आलं, तर दादाला विचार करायला दोन दिवस लागतील असं समजू नका. तो अपमानच आहे. ताबडतोब स्क्रीनशॉट काढून मावशीला पाठवा, खाली लिहा, "बघ, मी प्रयत्न केला." मावशी तो दादाला पाठवेलच.