पाठ केलेलं ‘कृपया’ आणि खरी विनंती : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : “तोंडी परीक्षेतल्या भूमिकापालनाचं आणि फोनवरच्या संवादाचं तुम्ही एवढं कौतुक का करता, कळत नाही. मुलं ‘नमस्कार, मी अमुक बोलतोय, कृपया, धन्यवाद’ घोकून येतात, ओळीने म्हणतात आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जातात. यात भाषा कुठे तपासली? शिवाय हल्लीची मुलं फोन करतातच कुठे, मेसेज टाकतात. त्यापेक्षा सरळ चार प्रश्न विचारा आणि उत्तरं ऐका.”

घोकून पैकीच्या पैकी गुण मिळतात हे तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे. पण ते का मिळतात, याबाबत माझं मत वेगळं आहे. बहुतेक ठिकाणी दोन्ही मुलांना एकच कागद दिलेला असतो. कोण काय बोलणार हे दोघांना आधीच ठाऊक असतं आणि समोरचा कशालाही नाही म्हणत नाही. अशा कामात पाठांतराशिवाय दुसरं काही तपासलं जाणं शक्यच नाही. दोन वेगळ्या चिठ्ठ्या द्या, एकाची दुसऱ्याला दिसू देऊ नका आणि दुसऱ्या चिठ्ठीत एखादी अडचण घाला. मग तीच मुलं कशी बोलतात ते ऐका.

एक उदाहरण सविस्तर सांगते. परीक्षा कोणत्याही भाषेची असली तरी रचना हीच राहते, म्हणून संवाद मराठीतच देते. पहिली चिठ्ठी : आज सोमवार. वाचनालयाचं पुस्तक उद्या परत करायचं आहे, पण वाचून झालेलं नाही. फोन करून आठवड्याची मुदत मागा. दुसरी चिठ्ठी : फोन तुम्ही उचलता, पण मुदतीचं काम तुमच्याकडे नाही, ते ग्रंथपालबाई बघतात. फोन त्यांना देतो असं सांगा आणि मग त्यांच्याच भूमिकेत बोला. या पुस्तकासाठी दुसऱ्या वाचकाने नाव नोंदवलं आहे. आठवडा देता येणार नाही, फक्त दोन दिवस वाढवून देता येतील. मुलांना पाठीला पाठ लावून बसवायचं, म्हणजे चेहरा आणि हातवारे बाद होतात आणि सगळं काम आवाजावर येतं.

आता सुरुवात पाहा. घोकून आलेलं मूल बसल्याबरोबर सुरू होतं, “नमस्कार, मी नववीतली विद्यार्थिनी बोलतेय, कृपया मला…” समोरून कोणी फोन उचललाय की नाही, याची वाटच बघत नाही. समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात सुमारे ५०० फोनसंवादांच्या सुरुवाती तपासल्या होत्या. फोन उचलणारा आधी बोलतो, हा नियम एक अपवाद वगळता सगळीकडे लागू पडला. त्या एका अपवादाचा उलगडा करताना त्यांनी दाखवून दिलं की घंटा हीच हाक असते, ‘हॅलो’ ही त्या हाकेला दिलेली ओ आणि त्यानंतर फोन करणाऱ्याची पाळी येते. म्हणून परीक्षकाने तोंडाने का होईना, घंटा वाजवावी आणि पहिला ‘हॅलो’ दुसऱ्या मुलाकडून येऊ द्यावा. एवढ्या छोट्या बदलानेही पाठ केलेली सुरुवात अडखळते.

खरी कसोटी पुढे लागते. “मुदतीचं बाई बघतात, देते हं त्यांना.” मग जरा वेळाने नवा आवाज, “हॅलो, बोला.” ऐकत असलेलं मूल इथे पुन्हा नमस्कार करतं, पुन्हा नाव सांगतं आणि काम एका वाक्यात नव्याने मांडतं, कारण या बाईंनी आधीचं काहीच ऐकलेलं नाही. घोकलेलं मूल मात्र म्हणतं, “मग मिळेल ना आठवडा?” दोघांनीही ‘नमस्कार’ म्हटलेला असतो. पण कोणापुढे काय पुन्हा सांगायला हवं, हे पहिल्यालाच उमगलेलं असतं.

विनंतीचंही तसंच आहे. मी ‘कृपया’ मोजत नाही. मागणीआधी तिचं कारण सांगितलं जातं का, आणि नकार मिळाल्यावर मागणी बदलते का, हे ऐकते. “बाई, पुस्तकाची शेवटची दोन प्रकरणं राहिली आहेत, एक आठवडा वाढवून मिळेल का?” यावर उत्तर येतं, “अगं, त्या पुस्तकासाठी दुसऱ्यांनी नाव नोंदवलंय.” इथे कच्चं मूल तेच वाक्य आणखी एक ‘कृपया’ लावून पुन्हा म्हणतं, नाहीतर “बरं, धन्यवाद” म्हणून हात टेकतं. पक्कं मूल आधी समोरच्याची अडचण मान्य करतं आणि मग मागणी खाली आणतं, “हो का, त्यांनाही हवं असेल. मग निदान दोन-तीन दिवस तरी जमतील का?” विनंती केवढी मोठी आणि समोरची व्यक्ती किती परकी, यावर बोलण्यात किती मऊपणा आणायचा हे ठरतं. शेजारच्याकडे पेन मागताना एवढं सगळं बोललं तर तेही चुकलंच म्हणायचं, आणि त्याचेही गुण मी कापते.

शेवटाकडे परीक्षकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं आणि माझं सगळ्यात जास्त. बाई म्हणतात, “बरं, दोन दिवस देते.” आता हे दोन दिवस आजपासून की उद्यापासून? बुधवार की गुरुवार? चिठ्ठीत ही संदिग्धता मुद्दाम ठेवलेली असते. “धन्यवाद, ठेवते” म्हणणारं मूल कितीही गोड बोललं तरी त्याचं काम अर्धवट राहिलं. “म्हणजे गुरुवारी संध्याकाळी आणून दिलं तर चालेल ना?” असं विचारणारं मूल एकाच वाक्यात दोन कामं करतं : ठरलेलं पक्कं करून घेतं आणि आता बोलणं आवरतं घ्यायचंय हे समोरच्याला सुचवतं. शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स यांनी १९७३ च्या लेखात हेच मांडलं होतं. संभाषण एकदम तुटत नाही. आणखी काही बोलायचं राहिलंय का, याची संधी आधी दोघे एकमेकांना देतात आणि मगच निरोप घेतात. ‘बरं मग’, ‘ठीक आहे तर’ ही वाक्यं त्यासाठीच असतात. ती न म्हणता फोन ठेवला तर ऐकणाऱ्याला तो आदळल्यासारखा वाटतो.

सरळ चार प्रश्न जरूर विचारावेत. माहिती, शब्दसंपत्ती, वाक्यरचना त्यातून चांगली कळते. पण तिथे बोलणं सुरू करणारे आणि संपवणारे परीक्षकच असतात. मुलाला कोणाकडे काही मागावं लागत नाही आणि नकाराला सामोरं जावं लागत नाही. नेमका हाच भाग प्रश्नोत्तरात तपासायचा राहून जातो. मेसेजमध्येही विनंती असते, पण तिथे लिहिलेलं खोडून बदलता येतं आणि उत्तराला वेळ मिळतो. इथे ‘नाही’ ऐकल्यावर दोन क्षणांत वाक्य वळवावं लागतं.

या पद्धतीची एक खरी अडचण तुम्ही मांडलेली नाही, ती मीच मांडते. जोडीदार अबोल निघाला तर चांगल्या मुलाचे गुण जातात. म्हणून शक्य असेल तिथे दुसरी चिठ्ठी परीक्षकाने स्वतःकडे घ्यावी आणि प्रत्येकापुढे अडचण तीच, त्याच शब्दांत ठेवावी. दहापैकी दोन गुण सुरुवातीला, चार विनंतीला आणि चार शेवटाला, अशी वाटणी मी करते. मूल अडखळलं, थांबलं किंवा वाक्य अर्ध्यावर बदललं म्हणून गुण कापत नाही, कारण ऐकून बोलणारं मूल थोडं थांबतंच. उलट एकदाही न थांबता घडाघडा बोललं, तर दुसऱ्या फेरीत मी अडचण बदलते : नाव नोंदवलेलं नाही, पण आज वाचनालय लवकर बंद होणार आहे. पाठ केलेलं असेल तर तिथे लगेच लक्षात येतं.