वरचं बटण, खालचं बटण

आमच्या सिडकोतल्या रो-हाऊसच्या जिन्यात एकच दिवा आहे, पण त्याला मालक दोन. एक बटण खाली, एक वर. नवं वायरिंग झालं तेव्हा वायरमन छातीठोकपणे म्हणाला होता, "टू-वे केलंय साहेब. कुठूनही लावा, कुठूनही बंद करा." प्रत्यक्षात मी वर अंधारात बटण खटखटवायचो आणि हाक मारायचो, "आई, तुझं बटण दाब गं!" खालून उत्तर यायचं, "दाबलंय! आता तू दाब!" गल्लीला आमचं वेळापत्रक पाठ झालं. फोन केला की वायरमनचा एकच सल्ला, "बल्ब बदलून बघा."

शेवटी शेजारचे काका आले. उभा जन्म वायरिंगमध्ये गेलेला माणूस. त्यांनी लग्नपत्रिकेच्या मागे आकृती काढली. टू-वे बटणाला मागे तीन स्क्रू असतात. मधला बहुधा कॉमन, बाजूला दोन. बटण दाबलं की कॉमन एका बाजूचा स्क्रू सोडून दुसऱ्याला जोडला जातो. फेज येतो खालच्या कॉमनवर. वरच्या कॉमनवरून वायर जाते दिव्याला. न्यूट्रल थेट दिव्याला, बटणांशी त्याचा संबंध नाही. आणि बाजूचे दोन-दोन स्क्रू दोन वायरींनी एकमेकांना जोडलेले.

"पंचवटीत जायला होळकर पूल आहे आणि गाडगे महाराज पूल आहे," काका म्हणाले. "खालचं बटण फेजला एका पुलावर सोडतं, वरचं एका पुलाच्या तोंडाशी उभं राहतं. दोघांनी एकच पूल धरला तर दिवा लागला. आता कुणीही एकाने पूल बदलला की विझला, आणि कुणीही पुन्हा बदलला की लागला."

मग त्यांनी आम्हाला कामाला लावलं. दोन बटणांच्या मिळून चार जोड्या होतात. त्यातल्या दोनमध्ये दिवा लागायला हवा. आई खाली, मी वर, काका मधल्या पायरीवर पंचासारखे. आमचा दिवा लागला एकाच जोडीत.

"कुठल्या तरी बोर्डात कॉमनची वायर बाजूच्या स्क्रूत गेलीय," काका म्हणाले. खालचा बोर्ड उघडून त्यांनी टेस्टर लावला. तिथे मधल्या स्क्रूवर टेस्टर कायम पेटायला हवा. आमच्याकडे बटण फिरवलं की मधला विझायचा आणि कडेचा पेटलेलाच. म्हणजे फेज कडेला, आणि पुलाची एक वायर मध्ये येऊन बसलेली! बटण उलटं पडलं की दोन्ही पूल आपसात जोडले जायचे आणि फेज बाहेरच. मग वर काहीही दाबा.

काकांनी एमसीबी पाडला, टेस्टरने खात्री केली आणि दोन वायरींची अदलाबदल केली. चहा होईपर्यंत काम संपलं.

आता आईची वेगळीच तक्रार. चालूची बाजू कळावी म्हणून तिने बटणाच्या खालच्या टोकाला लाल टिकली लावली. मी वरून दिवा बंद केला की टिकली खोटी पडते. टू-वे बटणाला चालू-बंद अशी ठरलेली बाजूच नसते, हे काकांनी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मग याला वरचं बटण वापरायला कोणी सांगितलंय?"