पीओआयबद्दलच्या फॉरवर्डचा खुलासा

"ब्रिटिश पार्लमेंटरी डिबेटमध्ये समोरच्याचा प्रत्येक पीओआय घ्यावाच लागतो, नाकारला की गुण कापतात."

हे खरं नाही. पीओआय, म्हणजे पॉइंट ऑफ इन्फर्मेशन, हा भाषण चालू असताना समोरच्या बाजूने विचारलेला छोटा प्रश्न. वर्ल्ड युनिव्हर्सिटीज डिबेटिंग चॅम्पियनशिपच्या नियमांनुसार भाषण 7 मिनिटांचं असतं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सुरक्षित. मधल्या 5 मिनिटांतच प्रश्न विचारता येतो, तोही 15 सेकंदांत. घ्यायचा की नाही, हे वक्ता ठरवतो. मात्र पुरेसे प्रश्न येऊनही एकही घेतला नाही, तर परीक्षक ते विचारात घेतात. म्हणून एक-दोन घ्यावेत. सगळे घेतलेत तर तुमचा मुद्दाच मांडायचा राहतो, हे मी मुलांच्या सरावात वारंवार पाहते.

आता प्रश्न कसा असावा? समजा, वक्ता प्लास्टिक पिशव्यांवरील बंदीच्या बाजूने म्हणाला, "लोक कापडी पिशव्या वापरतील." यावर "आमच्या मते ही योजना अव्यवहार्य आहे, कारण..." अशी सुरुवात केली की 15 सेकंद तिथेच संपतात. त्याऐवजी, "मासळीवाली ओले बोंबील कशात बांधून देणार?" एवढंच विचारा. आता त्याला पर्याय सांगावा लागतो किंवा सवलत मान्य करावी लागते.

स्पर्धेच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला असेल तर कृपया काढा, पुढे पाठवू नका. पहिल्यांदा उतरणारी मुलं त्याने घाबरतात.