सेक्रेटरीच्या पत्राने पत्ता सिद्ध होत नाही

«भाड्याने राहता आणि लाइट बिल मालकाच्या नावावर आहे? टेन्शन नको! सोसायटीच्या सेक्रेटरीकडून लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र घ्या. आधार, बँक, पासपोर्ट, सगळीकडे चालतं. हे पत्र असेल तर भाडेकरार रजिस्टर करायची गरज नाही, पैसे वाचवा. पत्रात 'मालकाचे नातेवाईक' असं लिहून घ्या, म्हणजे कोणी काही विचारणार नाही. सेक्रेटरी पत्र नाकारूच शकत नाही.»

हा मेसेज माझ्या भाचीला तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर आला आणि तिने तो खरा मानला. ती नागपूरहून पुण्याला नोकरीसाठी आली, वाकडला वन बीएचके घेतला. सोसायटीचं पत्र घेऊन आधी बँकेत गेली, मग आधार केंद्रावर. दोन्हीकडून परत पाठवली. दोन दिवसांची रजा गेली तेव्हा मला फोन आला, "मामा, पत्रावर गोल शिक्का आहे, तरी घेत नाहीत." मी स्वतः नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. अशी पत्रं मी पुष्कळ दिली आहेत, म्हणून त्यांची किंमत मला ठाऊक आहे.

आधी 'सगळीकडे चालतं' हे बघू. आधारसाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, पण त्यावर राजपत्रित अधिकारी, खासदार, आमदार, नगरसेवक, तहसीलदार अशा पदावरच्या माणसाची सही लागते आणि ते तीन महिनेच चालतं. सोसायटीचा सेक्रेटरी त्यात बसत नाही. बँकेचं त्याहून कडक आहे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांत पासपोर्ट, लायसन्स, मतदार ओळखपत्र, आधार असे मोजके कागद आहेत. त्यांवर जुना पत्ता असेल तर तात्पुरता पुरावा म्हणून दोन महिन्यांच्या आतलं वीज, फोन, पोस्टपेड मोबाइल, पाइप गॅस किंवा पाण्याचं बिल, घरपट्टीची पावती असं काही चालतं, आणि पुढच्या तीन महिन्यांत त्या मोजक्या कागदांपैकी नव्या पत्त्याचा एखादा द्यावा लागतो. सोसायटीचं पत्र त्या यादीत नाही. खाजगी मालकाशी केलेला साधा भाडेकरारही नाही, हे फार जणांना माहीत नसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी भाडेकरारावर आधारचा पत्ता बदलायचा, मग ते आधार घेऊन बँकेत जायचं. भाची उलट्या क्रमाने गेली होती.

आता 'करार रजिस्टर करायची गरज नाही'. या एका वाक्यामुळे मी हे लिहायला बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, याचं कलम 55 सरळ आहे: भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. करार अकरा महिन्यांचा असला तरी सुटका नाही. 'अकरा महिन्यांला नोंदणी लागत नाही' हे दुसऱ्या राज्यांतलं ऐकून इथे लोक बोलतात.

आणि वाचतात तरी किती पैसे? भाचीचंच घ्या. भाडं महिना 18 हजार, डिपॉझिट 50 हजार, मुदत अकरा महिने. एकूण भाडं झालं 1 लाख 98 हजार. त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारे साधारण साडेचार हजार मिळवायचे आणि त्या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. म्हणजे पाचशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. एजंटाची फी आणि किरकोळ खर्च वेगळा. एवढ्यासाठी आधारला, पासपोर्टच्या अर्जाला आणि मतदार नोंदणीला चालणारा कागद सोडून द्यायचा?

त्याहून वाईट 'नातेवाईक' लिहून घेण्याचा सल्ला. तो पाळला की भाडेकरूने भाडेकरू असल्याचा स्वतःचाच पुरावा मोडला. उद्या मालकाने डिपॉझिट अडवलं आणि तुम्ही दाद मागायला गेलात, तर समोरून तुमचंच पत्र येईल: हे तर पाहुणे होते, भाडं कसलं आणि डिपॉझिट कसलं? घर भाड्याने दिल्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, तिथे तर भाडेकरू म्हणूनच नाव जायला हवं. सेक्रेटरीने खोटं लिहिलं तर उद्या त्याच्या सहीवर कोण विश्वास ठेवणार? माझ्याकडे एका मालकाने असं पत्र मागितलं होतं, नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी मालकाकडून घेते तो आकार, वाचवायला. तो आकार सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे. म्हणजे महिन्याचे काहीशे रुपये वाचवायला भाडेकरूला कागदोपत्री नाहीसं करायचं. मी नकार दिला, आणि पुन्हा देईन.

'नाकारूच शकत नाही' हेही खरं नाही. भाडेकरू सोसायटीचा सभासद नसतो, मालक असतो. पत्राची मागणी मालकाच्या लेखी विनंतीवरून केलेली बरी. मात्र सोसायटीने भाड्याने देण्यालाच आडकाठी करणं किंवा पत्रासाठी पावतीशिवाय पैसे मागणं चूकच आहे.

अर्धसत्य एवढंच की पत्राला पूरक कागद म्हणून किंमत असते. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस येतात, मतदार यादीसाठी बीएलओ येतो, ते सोसायटीत विचारतात. कॉलेज, इंटरनेटवाले, काही खाजगी कंपन्या ते ठेवूनही घेतात. पण ते नीट लिहिलेलं हवं. सोसायटीचा नोंदणी क्रमांक, जावक क्रमांक आणि तारीख. ओळखपत्रावर आहे तसंच नाव. फ्लॅट, केव्हापासून राहतात, मालकाचं नाव. वीजबिल मालकाच्या नावावर आहे आणि त्याचा ग्राहक क्रमांक. भाडेकराराचा नोंदणी क्रमांक आणि मुदत. सहीखाली नाव आणि पद. 'कायमचे रहिवासी' असं लिहू नये, 'आमच्या नोंदीनुसार' असं लिहावं. सेक्रेटरीला जेवढं माहीत आहे, तेवढंच.

भाचीचं नंतर काय झालं ते सांगतो. तिच्या मालकांनी करार नोंदवला. पण पहिल्या मसुद्यात पत्ता 'बी 304' एवढाच होता, वीजबिलावर मात्र इमारतीचं नाव आणि पिनकोडसह पूर्ण होता. मी तो सही करण्याआधी बिलाप्रमाणे अक्षरशः सारखा करायला लावला, कारण करारातला पत्ता अर्धवट असला की आधारचा अर्ज अडकतो. करार सगळ्या पानांसह अपलोड केला. आधारवर नवा पत्ता आला तेव्हा ती बँकेत गेली. सोसायटीचं पत्र फाइलमध्येच राहिलं, कोणी मागितलं नाही.