विजयावर ट्रक चालत नाही

“१) जिंकत सुटलेली फौज कधी थकत नाही, विजय हेच तिचं पेट्रोल. २) १९४२ मध्ये रोमेल अलेक्झांड्रियापासून फक्त १०० किलोमीटरवर होता. दोन दिवसांत कैरो पडलं असतं, पण इटालियनांनी मुद्दाम पेट्रोल अडवलं. ३) नेपोलियनला रशियाने नाही, थंडीने हरवलं. ४) जिंकणारी सेना थांबली की समजा आतून गद्दारी झाली. सच्चे देशभक्त असाल तर पुढे पाठवा.”

हे माझ्या पुतण्याने पाठवलं. पोरगं अमळनेरला राहून सैन्यभरतीची तयारी करतंय, आणि हे त्याला अकॅडमीच्या ग्रुपवर आलं. सोबत हसणारे चार चेहरे आणि “काका, हाई वाचा.” वाचलं. माझी नोकरी लष्करात, आणि तीही एएससीत, म्हणजे रसद, पेट्रोल आणि गाड्या. त्यामुळे फौज विजयावर चालते हे वाचून डोकं फिरलं नसतं तरच नवल.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. रोमेल म्हणजे दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत इंग्रजांशी लढणारा जर्मन सेनापती, इटालियन त्याचे साथीदार.

२१ जून १९४२ ला इंग्रजांच्या ताब्यातलं लिबियाचं तोब्रुक बंदर पडलं. रोमेलने ३३ हजारांच्या आसपास कैदी पकडले आणि हिटलरने त्याला फील्ड मार्शल केलं. तिथून इजिप्तमधलं अलामेन पाचशे किलोमीटरहून जास्त दूर. जूनअखेर तो तिथे पोचलासुद्धा. नकाशावर पाहिलं तर खरंच वाटतं की आता राहिलं काय? पण नकाशावर बाण दिसतो, बाणाच्या टोकाला किती माणसं आणि किती रणगाडे शिल्लक आहेत ते दिसत नाही. मेअखेर तोब्रुकच्या आधीची गझालाची लढाई सुरू झाली तेव्हा जर्मन रणगाडे सव्वातीनशेच्या वर होते. १ जुलैच्या सकाळी अलामेनसमोर त्यांच्या आफ्रिका कोअरकडे चालू स्थितीत होते ५५.

आता त्या १ जुलैचंच बघा. अलामेनची जागा अशी की उत्तरेला समुद्र, दक्षिणेला कत्ताराचा खोलगट भाग, जिथे जड गाड्या रुततात, आणि मधे साठेक किलोमीटरची पट्टी. वाळवंटात रोमेलचं हुकमी पान म्हणजे शत्रूला वळसा घालणं. इथे वळसा घालायला मोकळी बाजूच नव्हती. वाळूच्या वादळाने आणि विमानहल्ल्यांनी त्याच्या दोन्ही पॅन्झर म्हणजे रणगाडा डिव्हिजनना उशीर झाला, आणि पुढे देर-अल-शेन नावाच्या खोलगट जागेत एक ठाणं आडवं आलं. ते तिथे असेल असं जर्मनांना वाटलंच नव्हतं. ठाणं होतं १८ व्या इंडियन इन्फंट्री ब्रिगेडचं. एक बटालियन शिखांची, एक गुरख्यांची, एक इंग्रज एसेक्सवाल्यांची. इराकहून नुकतीच आणून टाकलेली ब्रिगेड, खणायला दगडासारखी जमीन, सोबत थोड्या तोफा आणि नऊ माटिल्डा रणगाडे. दिवसभर लढून संध्याकाळी ब्रिगेड संपली. पण तोवर ५५ पैकी १८ रणगाडे गेले होते आणि रोमेलचा सगळ्यात महत्त्वाचा दिवसही. ३ जुलैला चालू रणगाडे उरले २६, आणि एकेका डिव्हिजनमध्ये जेमतेम बाराशे-पंधराशे माणसं. एवढ्यावर दोन दिवसांत कैरो? वाटेत अलेक्झांड्रिया आणि नाईलचा त्रिभुज प्रदेश, त्यात इंग्रजांचे डेपो, रेल्वे आणि विमानतळ. आपल्या पोरांनी त्या खोलगटात दिवसभर झुंज दिली, आणि हा फॉरवर्ड लिहिणारा श्रेय कुणाला देतो, तर इटलीच्या कारकुनांना!

राहिलं अडवलेलं पेट्रोल. इथे अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. जहाजं बुडत होती. जर्मन-इटालियन संदेश इंग्रज वाचत होते, आणि ऑगस्टअखेर रोमेलने अलामेनजवळच्या अलाम हाल्फाला पुन्हा धडक मारली तेव्हा तेलवाहू जहाजं बुडाल्याने त्याची फार पंचाईत झाली. पण हे झालं ऑगस्टचं. जुलैत तो थांबला त्याचं उत्तर समुद्रावर नाही, जमिनीवर आहे.

मार्टिन व्हॅन क्रेव्हेल्ड या इतिहासकाराने १९७७ साली युद्धातल्या रसदीचा हिशेबच मांडला. तो म्हणतो, आफ्रिकेत उतरलेल्या इंधनापैकी ३० ते ५० टक्के त्रिपोली बंदर ते आघाडी या वाटेतच संपत होतं, आणि शंभरातले ३५ ट्रक कायम दुरुस्तीत. जर्मन हायकमांडचा स्वतःचा हिशेब असा की एका मोटारी डिव्हिजनला वाळवंटात पाण्यासकट रोज ३५० टन माल लागतो, आणि तो ४८० किलोमीटर पुढे न्यायचा तर दोन टनी तीस ट्रकांचे ३९ ताफे हवेत. म्हणजे एका डिव्हिजनमागे १,१७० ट्रक, तेही राखीव न धरता. आणि त्रिपोली ते अलामेन अंतर दोन हजार किलोमीटरच्या घरात.

पुतण्याला मी हे केळीच्या गाडीवर समजावलं. रावेरहून दिल्लीला केळी जातात, त्या गाडीला वाटेत पंप आहेत. समजा एकही पंप नाही. जायचं-यायचं सगळं इंधन गाडीतच, केळीच्या शेजारी. त्रिपोली-अलामेन जाऊन-येऊन चार हजार किलोमीटर. वाळूत लिटरला तीन किलोमीटर धरा, म्हणजे तेराशे लिटरच्या वर, वजनात जवळपास एक टन. तीन टनी ट्रकमधला एक टन तो स्वतःच पितो. दिवसाला दोनशे किलोमीटर कापले तरी एका खेपेला वीस दिवस. टायर, इंजिनात जाणारी वाळू आणि वरून येणारी विमानं मी धरलेलीच नाहीत. मग बेंगाझी आणि तोब्रुकची जवळची बंदरं होती ना? होती. तोब्रुकची क्षमता कागदावर दिवसाला १,५०० टन, प्रत्यक्षात सहाशेच्या वर क्वचितच. इटलीने जहाजांची रांग लावली असती तरी माल धक्क्यावरच पडून राहिला असता.

आता पहिला मुद्दा. क्लाउझेवित्झ हा प्रशियाचा अधिकारी १८१२ मध्ये रशियाच्या बाजूने होता, म्हणजे नेपोलियनची चढाई विरताना त्याने स्वतः पाहिली. त्याने मांडलेल्या कल्पनेला लष्करात ‘कल्मिनेटिंग पॉइंट’ म्हणतात, आपण चढाईचा उत्कर्षबिंदू म्हणू. चढाई करणारा प्रत्येक मुक्कामाला थोडा थोडा कमी होत जातो. जिंकलेल्या ठाण्यांवर शिबंदी ठेवावी लागते, मागच्या रस्त्यावर पहारे बसवावे लागतात, माणसं मरतात, आजारी पडतात, डेपो लांब पडतो. बचाव करणारा मात्र मागे सरताना आपल्या डेपोकडे, आपल्या ताज्या पलटणींकडे येत असतो. एक जागा अशी येते की चढाई करणाऱ्याकडे उरलेली ताकद जिंकलेलं राखायला जेमतेम पुरते. तोच हा बिंदू. त्याच्या अलीकडे थांबलात तर जिंकलेलं टिकवता येतं. पलीकडे गेलात तर उलटा तडाखा बसतो, आणि तो बहुतेक वेळा तुमच्या तडाख्यापेक्षा मोठा असतो.

गंमत अशी की हा बिंदू ओलांडताना फौज सर्वांत पुढे असते, पेपरात मथळे सर्वांत मोठे असतात. म्हणून तो नकाशावर शोधू नये. स्टोअरच्या रजिस्टरमध्ये शोधावा. पेट्रोल किती दिवसांचं आहे? चालू गाड्या किती, त्यातल्या शत्रूकडून पकडलेल्या किती? राखीव तुकडी अजून राखीव आहे का, की तीच रोज पुढे जातेय? रोमेलची बहुतेक वाहतूक पकडलेल्या गाड्यांवर चालली होती, म्हणजे सुटे भाग शत्रूकडे! आणखी एक खूण म्हणजे आपण कुठे लढायचं हे शत्रू ठरवू लागतो. जुलैत इंग्रज सेनापती ऑकिनलेकने नेमक्या इटालियन डिव्हिजनांवर घाव घातले. मग जर्मनांना आपला हल्ला सोडून त्यांना वाचवायला कधी उत्तरेला, कधी मधे धावावं लागलं. हल्ला करणारा आग विझवत फिरू लागला की समजावं.

विजय हेच पेट्रोल, यातही थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. तोब्रुकमध्ये रोमेलला दोन हजारांच्या आसपास गाड्या, भरपूर पेट्रोल आणि धान्यसाठा सापडला, आणि त्याच जोरावर तो अलामेनपर्यंत पोचला. पण लूट एकदाच मिळते. पुढचं तोब्रुक लागेपर्यंतच ती पुरते, आणि अलामेनला तोब्रुक नव्हतं.

मग तो थांबला का नाही? ठरलं तर तसंच होतं. तोब्रुक घेतल्यावर इजिप्तच्या सीमेवर थांबायचं, विमानं माल्टाकडे वळवायची, आधी रसदीच्या सागरी वाटेवरचं इंग्रजांचं माल्टा बेट घ्यायचं. जर्मन फील्ड मार्शल केसेलरिंग शेवटपर्यंत तेच सांगत होता. रोमेलने पुढे जायची परवानगी मागितली आणि हिटलरने मुसोलिनीला लिहिलं की युद्धदेवता अशी संधी एकदाच देते. रोमेलचा जुगार अगदीच खुळचट होता असं मी म्हणणार नाही. थांबला असता तर इंग्रजही सावरले असते, आणि त्यांचा माल त्याच्यापेक्षा वेगाने येत होता. दोन्ही वाटा वाईट असताना त्याने जास्त वाईट निवडली. ४ नोव्हेंबरला तो अलामेनहून मागे फिरला, आणि २३ जानेवारी १९४३ ला त्रिपोलीसुद्धा गेलं.

नेपोलियनवर फार वेळ घालवत नाही. १८१२ च्या २४ जूनला त्याने रशियाच्या सीमेवरची नेमन नदी ओलांडली तेव्हा मुख्य सैन्य साडेचार लाखांच्या घरात होतं. ७ सप्टेंबरला मॉस्कोच्या वाटेवर बोरोदिनोला लढायला उरले सव्वा-दीड लाख. बाकीचे वाटेत मेले, आजारी पडले, पळाले, किंवा मागची ठाणी सांभाळत बसले. बर्फ नोव्हेंबरात आलं. म्हणजे मोठी गळती उन्हाळ्यातच झाली होती, थंडी नंतर आली.

चौथा मुद्दा मला सर्वांत वाईट वाटतो, कारण उद्या हाच पोरगा वर्दीत असेल आणि गाडी उशिरा आली की आधी ड्रायव्हरवर संशय घेईल. आणि गद्दारीच शोधायची तर इथे ती उलट्या बाजूने सापडते. १९४१ मध्ये इटालियन हेरखात्याने रोममधल्या अमेरिकी दूतावासातून गुप्त संकेतलिपी चोरली. त्यामुळे कैरोतला अमेरिकी लष्करी प्रतिनिधी वॉशिंग्टनला इंग्रजांच्या सैन्याबद्दल जे जे कळवी, ते रोमेलला वाचायला मिळे. ज्या इटालियनांनी त्याचा घात केला म्हणतात, त्यांनीच त्याला महिनोन्‌महिने शत्रूची पत्रं पुरवली. जून १९४२ च्या अखेरीस अमेरिकनांनी लिपी बदलली आणि ती खिडकी बंद झाली. तरी त्याचे ५५ रणगाडे ५५ च होते, आणि तोब्रुकचा धक्का सहाशे टनांचाच.